तुम्ही विचारलंत म्हणून: सुकं स्क्रॅप आणि चकचकीत सूट

"स्क्रॅप हाताला सुकं लागत होतं, तरी भट्टी उडाली कशी? आणि सूट घालूनही माणूस भाजत असेल, तर तो घ्यायचा कशाला?"

हाताला वरचं कळतं. दोन्ही टोकं चेपलेल्या पाइपच्या आत काय आहे, बोरिंगच्या, म्हणजे लोखंडाच्या भुशाच्या, ढिगाच्या पोटात काय आहे, ते कळत नाही.

पाचशे किलोची इंडक्शन भट्टी घ्या. निम्मी भरलीय, म्हणजे 250 किलो बिडाचा रस, 1450 अंशांवर. आकारमान जेमतेम 36 लिटर. त्यात तो चेपलेला पाइप जातो, आत 50 मिलिलिटर पाणी, अर्धा कप चहाएवढं. पाण्याची वाफ झाली की 1700 पट जागा मागते, म्हणजे 85 लिटर, आणि हा हिशेब 100 अंशांचा. रसाच्या उष्णतेला ती आणखी चार-पाच पट फुगू बघते. पाणी रसाच्या वरच राहिलं तर बहुधा चरचरून उडून जातं. घात होतो ते रसाखाली गेल्यावर, कारण वाफ वर येताना डोक्यावरचा रस उचलूनच येते. म्हणून "आम्ही कायम असंच टाकतो, काही होत नाही" हे खरंही असतं. शंभरदा तो तुकडा वरच अडकून तापतो, एकदा सरकून खाली जातो.

तेव्हा पाइप, शॉकॲब्सॉर्बर, झाकणबंद डबा, जे जे पोकळ आणि बंद, ते कापून उघडल्याशिवाय चार्जमध्ये, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालात, नको. बाकी माल पसरून, आतपर्यंत तापेल असा वाळवायचा. ढिगावर वरून ज्योत फिरवली की वरचाच थर वाळतो. स्लॅग काढायची सळी आणि सॅम्पलचा चमचाही आधी तापवून मगच रसात.

आता सूट. त्याची चमक भट्टीची धग परतवते. काजळी बसली, घड्यांत पापुद्रे निघाले की ते काम गेलं. शिंतोडा झेलणं हा वेगळा गुण. लेबलवर ISO 11612 या संरक्षक कपड्यांच्या मानकाखाली E हे अक्षर बघा, ते वितळलेल्या लोखंडासाठी, D ॲल्युमिनियमसाठी. सगळ्यात वरचा E3 म्हणजे चाचणीत 200 ग्रॅम किंवा थोडं जास्त लोखंड ओतून पास झालेलं कापड. भट्टीत 250 किलो आहे. सूट शिंतोड्यासाठी आहे, स्फोटासाठी नाही, आणि तरीही तो हवाच, कारण रोज उडतात ते शिंतोडेच.

आत पॉलिस्टरचा टी-शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो, सुती घाला. पँट बुटाच्या बाहेर, बूट बिनलेसचे, झटकन निघणारे. पँट बुटात खोचली की रस थेट पायावर उतरतो.

मे महिन्यात गळ्याचं बटण उघडं राहतं, हे मलाही दिसतं. त्या माणसावर ओरडून भागत नाही, पाळी आखूड करा म्हणावं तर उत्पादनाचा आकडा पुढे केला जातो. बटणाचा तिढा माझ्याकडूनही सुटलेला नाही.