दुकानाचं पान, मसुदा आठवा: तीन हायलायटर आणि एक वाकडी वही

मी वह्या बांधून ऑनलाइन विकते, आणि त्या दुकानाची ओळख सांगणारं एक पान लिहिते आहे. मागच्या नोंदीत मी छाती पुढे काढून लिहिलं होतं की पान तयार आहे, रविवारी चढवते. चढवलं. मंगळवारी सकाळी एका बाईंचा निरोप: "ताई, निळी वही आवडली. पण ह्या तुम्ही स्वतः बांधता, की कुठून आणून विकता?"

त्या पानावर 'हाताने बांधलेली' हे शब्द चार वेळा होते. मी मोजले. दोन दिवस नुसती धुमसत होते, मग न राहवून त्यांना विचारलं की असं का वाटलं. त्यांचं उत्तर असं: वहीच्या पानावर जे वाचलं तेच दुकानाच्या पानावर पुन्हा दिसलं, म्हणजे कुणीतरी माल भरताना मजकूर चिकटवलाय असं वाटलं. शिवाय एका ठिकाणी 'तीन ते पाच दिवसांत पाठवतो' आणि वहीखाली 'दोन आठवडे'. आणि हा 'आम्ही' कोण?

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. 'आम्ही' म्हणजे मी, आरी, आणि खळीच्या वासाने शिंकणारं मांजर.

ह्यातून एक गोष्ट आधीच कळायला हवी होती. गिऱ्हाईक दुकानाच्या पानावर आधी येतच नाही. ते शोधातून थेट वहीवर येतं, फोटो बघतं, कागदाचं वजन वाचतं, किंमत बघतं, आणि पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारतं. म्हणजे तिथे पोचेपर्यंत त्याला १०० जीएसएम आणि मेणलेला दोरा पाठ झालेला असतो. आता त्याला एवढंच बघायचं असतं की पलीकडे माणूस आहे का, आणि काही बिघडलं तर तो सापडेल का. आणि मी त्याला पुन्हा १०० जीएसएम सांगत होते.

तर सातवा मसुदा छापून काढला (पडद्यावर माझं डोकं चालत नाही) आणि अप्पा बळवंत चौकातून आणलेले तीन हायलायटर घेऊन बसले. जे वाक्य एखाद्या वहीबद्दल आहे ते पिवळं. जे कुठल्याही साबणवाल्याच्या, लोणचेवाल्याच्या पानावर जसंच्या तसं चाललं असतं ते गुलाबी. जे फक्त माझ्या दुकानाबद्दल खरं आहे, वही कोणतीही असो, ते हिरवं.

एकतीस वाक्यं होती. सतरा पिवळी, अकरा गुलाबी, हिरवी तीन.

गुलाबी सगळी बिनदिक्कत काढली. 'प्रत्येक वही प्रेमाने घडवलेली', 'गुणवत्तेशी तडजोड नाही', 'तुमच्या विचारांना हक्काचं घर'. हे शेवटचं माझंच होतं आणि लिहिताना मला फार आवडलं होतं.

तीन हिरवी ही: पुण्यात घरच्या मागच्या खोलीत मी एकटी बांधते. महिन्याला दहा-बारा वह्याच होतात. शिलाई सुटली तर परत शिवून देते. आठवा मसुदा इथून सुरू झाला, आणि इथेच अडकला. तीन वाक्यांचं पान म्हणजे दारावरची पाटी झाली. विश्वास बसायला काहीतरी घडलेलं सांगावं लागतं, आणि माझ्याकडे घडलेलं जे काही होतं ते सगळं पिवळ्यात गेलेलं.

हा पेच चार संध्याकाळी खाऊन गेला. सुटला तो ग्रेनमुळे, म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने बसलेले असतात त्या दिशेमुळे.

पिवळ्यातलं एक वाक्य होतं: 'कागदाचा ग्रेन कण्याला समांतर असल्याने वही सपाट उघडते.' अगदी वर्णन. ते वहीखाली आहेच, म्हणून इथून काढायला हवं. पण हे वाक्य मी का लिहिते, तर माझ्या पहिल्या चौदा वह्या ह्याच कारणाने वाया गेल्या होत्या म्हणून. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: बाजारातला ए-फोर बहुतेक वेळा लांब बाजूला ग्रेन असलेला मिळतो. तो मधोमध घडी घालून ए-फाइव्ह केला की ग्रेन कण्याला आडवा पडतो. घडी फुटल्यासारखी दिसते, पानं खाली पडायच्या ऐवजी पंख्यासारखी उभी राहतात, आणि कण्याला खळ लावली की ओल खाऊन कागद नेमका कण्याच्या लांबीत फुगतो, म्हणजे कडेला लाटा. मला वाटलं खळ पातळ झाली. ती घट्ट केली, तरी लाटा. मग पुठ्ठ्याला दोष दिला. शेवटी शनिवारी ज्यांच्याकडे शिकायला जायचे त्या बाइंडरकाकांनी एक पान हातात घेतलं, आधी एका बाजूने वाकवलं, मग दुसऱ्या, आणि म्हणाले, "पोरी, कागद आडवा घातलायस."

तेव्हापासून नवीन गठ्ठा आला की एक चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करते. तो आपोआप गुंडाळला जातो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला ती ग्रेनची दिशा. गठ्ठ्यावरच्या लेबलवर विश्वास नाही. एका पुरवठादाराने दोन वेळा उलट ग्रेनचा माल पाठवला आणि वर मलाच 'मॅडम, कागद तो कागद' ऐकवलं. आता मोठा ताव घेऊन घरीच कापते. मजुरी वाढते, डोकं शांत राहतं.

हे सगळं पिवळं नाही! 'ग्रेन समांतर आहे' हा वहीचा गुण, तो वहीखाली. 'माझं काय चुकलं आणि म्हणून आता मी काय तपासते' ही माझी गोष्ट, ती दुकानाच्या पानावर. विषय एकच, पण पहिल्या वाक्यातून वही कळते आणि दुसऱ्यातून बांधणारी. शिवाय दुसरं वाक्य आणून विकणाऱ्याला लिहिताच येणार नाही. त्या बाईंना हवं होतं ते उत्तर हेच, 'हाताने बांधलेली' पाचव्यांदा लिहून ते मिळालं नसतं.

मग बाकीची सोळा पिवळी वाक्यं परत चाळली. प्रत्येकापुढे पेन्सिलीने 'का?' लिहिलं. बहुतेकांना उत्तरच नव्हतं, ती गेली. दोन मात्र निघाली. दोरा मेणलेला का? कारण साधा दोरा फर्म्यांतून, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांतून, ओढताना पिंजायचा आणि भोकं मोठी व्हायची. चामड्याच्या वह्या का नाहीत? कारण मला चामडं पातळ करता येत नाही, कोपरे जाड राहतात. हे दुसरं मी आधी लपवत होते. आता पानावर सरळ आहे: 'चामड्यात मी बांधत नाही, मला अजून नीट जमत नाही.' माझी ताई म्हणाली, वेडी आहेस का, दुकान आहे की कबुलीजबाब? पण मी ते ठेवलंय.

ताईचा दुसरा सल्ला होता वारशाचा. आजोबांच्या पेढीवर लाल कापडाच्या चोपड्या असायच्या, लक्ष्मीपूजनाला त्यांची पूजा व्हायची, ते टाक, लोकांना आवडतं. चोपड्या होत्या हे खरं. पण आजोबा त्या विकत आणायचे, बांधायचे नाहीत. 'तीन पिढ्यांचं वह्यांशी नातं' असं लिहिलं तर शब्दशः खोटं नाही, पण वाचणारा त्यातून जे समजेल ते खोटं. नाही घेतलं. बाइंडरकाकांचा उल्लेख मात्र त्यांना विचारून घेतला. ते म्हणाले नाव नको, दुकानात पोरं बाईंडिंग शिकायला येऊन बसतील.

एक युक्ती नकळत सापडली. इंग्रजी पान मी आधी थेट इंग्रजीत लिहीत होते आणि गुलाबी वाक्यं तिथेच जन्माला येत होती. ह्या वेळी आधी मराठीत लिहिलं. 'प्रेमाने घडवलेली वही' मराठीत मोठ्याने वाचलं की आपलंच आपल्याला हसू येतं, जेवायला वाढल्यासारखं वाटतं.

आता दिवसांचा घोळ. नियम केला: एक आकडा एकाच जागी. पाठवायला लागणारे दिवस फक्त वहीखाली, कारण ते वहीगणिक बदलतात. दुरुस्ती फक्त धोरणांच्या भागात, गोष्टीत तिचा नुसता उल्लेख. आणि दुरुस्तीचं आश्वासन लिहायला बसल्यावर कळलं की ते मी कधी नीट ठरवलंच नव्हतं. सुटलेली शिलाई आणि कण्यापाशी उखडलेला पुठ्ठा मी करीन, पाण्याने भिजलेली वही नाही. मला पाठवायचा खर्च तुमचा, परतीचा माझा. परदेशातून मात्र हे परवडत नाही, वहीपेक्षा टपाल महाग. तिथे नवीन वही अर्ध्या किमतीत. हे लिहिल्यावर जुनं 'आयुष्यभराची हमी' कापलं, कोणाच्या आयुष्यभराची ते मलाच माहीत नव्हतं.

देशातल्या विक्रीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत, त्यात विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणारा अधिकारी लागतो. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. तक्रार अधिकारी मीच. घरचा पत्ता टाकताना हात थबकला होता, पण त्या बाईंनी नंतर सांगितलं की सगळ्यात आधी त्यांनी पत्ताच शोधला होता. (मैत्रिणींकडून चार चांगले अभिप्राय लिहून घे म्हणणाऱ्यांना: नाव बदलून गिऱ्हाईक म्हणून स्वतःच्या मालाचे अभिप्राय टाकायला हेच नियम मनाई करतात, आणि मैत्रिणीची भाषा लगेच ओळखू येते.)

एवढं लिहून ही नोंद संपवणार होते, पण लिहितालिहिता फोटोंचा बेत बदलला. पानाच्या वर खिडकीतल्या उन्हात ठेवलेली निळी वही, बाजूला चाफ्याचं फूल, असा फोटो होता. तोही पिवळाच की! वहीचा फोटो वहीखाली आहे. इथे पाहिजे त्या वाया गेलेल्या चौदांपैकी एखादी, शेजारी बरोबर ग्रेनची, दोन्ही अर्धवट उघडलेल्या. लाटा आणि पंखा एका नजरेत दिसतील, मग गोष्ट अर्धी कापता येईल.

लगेच माळ्यावरून उरलेली एक काढली. ती चार वर्षं पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून पडली होती. लाटा जवळजवळ गेल्यात. फोटोत दोघी बहिणी दिसतात. पावसाळा लागला की परत फुगेल म्हणतात काका, पण तोवर मी पान अडकवून ठेवणार नाही. उद्या मुद्दाम आडव्या ग्रेनची एक वही बांधायला घेते आहे, आणि चार वर्षांत पहिल्यांदा भीती वाटते आहे की ती सरळ होईल.