यांगत्झेचं पाणी पाराना नदीत सोडण्याआधी

अर्जेंटिनाचं सोयाबीन म्हटलं की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या गावात कान टवकारले जातात. तिकडचं तेल आपल्याकडे किती येतं, यावर कारंज्याच्या बाजारातला भाव हलतो. तेच सोयाबीन भरायला जाणाऱ्या जहाजावर मी चीफ ऑफिसर आहे. सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, "जाताना जहाज रिकामंच जाते का?" मी म्हटलं, नाही, समुद्राचं किंवा नदीचं पाणी भरून जातं, त्याला बॅलास्ट म्हणतात. रिकामं जहाज पाण्यावर फार वर राहतं, पंखा पुरता बुडत नाही आणि लाटांत जहाजावर नको तेवढा ताण येतो. त्यावर बाबा म्हणाले, "मंग माल भरताना ते पानी जाते कुठं?"

खरा मुद्दा तिथेच आहे. ते पाणी माल भरायच्या बंदरात सोडतात, आणि त्यासोबत दूरच्या बंदरातले जीवही सुटतात. आमच्या वाटेवरचा असा जीव म्हणजे गोल्डन मसल, चीन आणि आग्नेय आशियातल्या गोड्या पाण्यातला बोटाच्या पेराएवढा शिंपला. 1991 मध्ये तो अर्जेंटिनात ला प्लाता नदीच्या मुखाशी सापडला. जहाजांच्या बॅलास्टमधूनच तो आला असं मानलं जातं. पुढे पाराना नदीने वर चढत 2001 पर्यंत तो ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू धरणापाशी पोचला. पाइपांना आणि जाळ्यांना तो थरावर थर चिकटतो, त्यामुळे वीजकेंद्रांना नळ साफ करण्यासाठी काम थांबवावं लागतं. एकदा नदीत बसला की त्याला काढायचा उपाय नाही.

माझी ती फेरी नेमकी याच वाटेवरची होती. चीनमधल्या यांगत्झे नदीवरच्या बंदरात कोळसा उतरवायचा, तिथलं पाणी भरायचं आणि पारानावर रोसारियोजवळ सोयाबीन घ्यायचं. गोड्या नदीतून गोड्या नदीत, म्हणजे शिंपल्याला हवं ते सगळं.

आता जहाजांवर बॅलास्ट शुद्ध करणारी यंत्रणा असते. 2017 मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 8 सप्टेंबर 2024 पर्यंत सगळ्या जहाजांना सोडायच्या पाण्याचं ठरलेलं प्रमाण गाठणं बंधनकारक झालं. 50 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव 1,000 लिटरमागे 10 पेक्षा कमी हवेत. त्याहून बारीक जिवांसाठी आणि कॉलऱ्यासारख्या जंतूंसाठी वेगळ्या मर्यादा आहेत. आमच्या यंत्रणेत आधी 40 मायक्रॉनचा फिल्टर आहे. पुढे समुद्राच्या पाण्यातल्या मिठावर वीज सोडून क्लोरीन तयार होतं आणि ते बॅलास्टच्या पाण्यात मिसळतं. नदीच्या पाण्यात मीठच नाही, मग क्लोरीन कशाचं होणार? म्हणून नदीत शिरण्याआधीच मागचा आफ्टपीक टँक समुद्राच्या पाण्याने भरून ठेवला होता.

अडलं ते फिल्टरपाशी. यांगत्झेचं पाणी गढूळ. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यातला फरक वाढत गेला, फिल्टर स्वतःला उलट्या धारेने धुवू लागला आणि काही वेळाने धुण्यातच त्याचा सगळा वेळ जाऊ लागला. हे सांगितलं तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "आपल्या ठिबकाच्या फिल्टरवानीच झालं म्हना. पावसाळ्यात नाल्याचं पानी घेतलं का गेजचे दोन काटे दूर पयतात." अगदी तेच. फरक इतकाच की ठिबक बंद ठेवता येतं, इथे क्रेन कोळसा उपसत होते आणि जहाज हलकं होत चाललं होतं. बॅलास्ट मागे पडलं तर जहाज प्रमाणाबाहेर वर येतं आणि वाकतं.

आधी पंपाचा वेग कमी केला, मग टर्मिनलला क्रेन सावकाश चालवायला सांगितलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग नाही. शेवटी कॅप्टनने कंपनीला आणि जहाज ज्या देशात नोंदलेलं आहे तिथल्या प्रशासनाला कळवलं, आणि उरलेले टँक यंत्रणा वगळून थेट नदीच्या पाण्याने भरले. हा शेवटचा उपाय आहे, फिल्टर धुवायचा कंटाळा आला म्हणून करायचा नाही. वेळ, जागा, कोणते टँक, किती पाणी आणि कारण, सगळं बॅलास्टच्या नोंदवहीत गेलं.

आता ते टँक समुद्रात रिकामे करून, यंत्रणेतून आलेल्या पाण्याने पुन्हा भरणं भाग होतं. जागाही चालेल ती नाही: किनाऱ्यापासून किमान 200 सागरी मैल आणि पाणी किमान 200 मीटर खोल. तिथे नदीचा जीव खारात टिकत नाही, आणि खोल समुद्रातला जीव पुढे गोड्या नदीत तगत नाही. हिंदी महासागरात पोचल्यावर आधी पाइप आणि पंप स्वच्छ पाण्याने धुतले, नाहीतर त्यात राहिलेली नदी पुन्हा टँकमध्ये आली असती. मग डाव्या-उजव्या टँकची एकेक जोडी घेतली. प्रत्येक टप्प्यावर जहाजाच्या कण्यावर किती ताण येतो आणि पंखा पुरेसा बुडालेला राहतो का, हे लोडिंग कॉम्प्युटरवर आधीच मांडलं होतं. मोठ्या लाटा आल्या तेव्हा कॅप्टनने काम थांबवलं, आणि ते बरोबरच होतं. अर्धा भरलेला टँक हेलकावणाऱ्या जहाजात धोक्याचा असतो.

पाणी खरंच बदललं की नाही हे कळायचं कसं? आमच्या बाबतीत मीठच साक्षीदार होतं. नदीचं पाणी जवळपास शून्य खारट, बाहेरच्या समुद्रात दर 1,000 भागांना 35 भाग मीठ. बदल किमान 95 टक्के हवा, म्हणजे टँकमध्ये खारटपणा 33 च्या वर यायला हवा. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा. बहुतेक टँक 34 दाखवत होते. एका टँकच्या तळाजवळ मात्र 29 आलं, म्हणजे सुमारे 17 टक्के नदी अजून आतच होती. मॅनहोल उघडून पाहिलं तर तळाच्या कप्प्यांत यांगत्झेचा गाळ बसला होता आणि त्याने पाणी वाहायच्या भोकांपैकी काही बुजवली होती. खलाशांचा मुकादम, म्हणजे बोसन, आणि त्याची माणसं टँकमधली हवा तपासून आत उतरली, भोकं मोकळी केली. टँक पुन्हा उपसला, पुन्हा भरला, मग 34 आलं.

रोसारियोजवळ सोयाबीन पट्ट्यावरून जहाजाच्या पोटातल्या होल्डमध्ये पडू लागलं तसं आम्ही पाणी सोडू लागलो. सोडताना उरलेलं क्लोरीन मारावं लागतं, नाहीतर नदीतल्या माशांवर तेच जायचं. त्यासाठी सोडियम थायोसल्फेट मिसळतात, आणि लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आत आकडा आला तरच पाणी बाहेर. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने नोंदवहीतलं यांगत्झेचं पान बराच वेळ वाचलं, कोणते टँक थेट भरले होते ते विचारलं आणि नमुना घ्यायला नेमका तो गाळाचा टँक निवडला. मला त्याचा राग आला नाही, त्याच्या जागी मीही तोच निवडला असता. नमुना पास झाला.

बाबांनी शेवटी विचारलं, "मंग आता तो शिंपला कुठं जात नाही ना?" जातो. ऑक्टोबर 2024 मध्ये गोल्डन मसल कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन बंदरात सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. बॅलास्टची वाट आम्ही अरुंद करू शकतो, पण जहाजाच्या बुडाला, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या खोबणीत आणि नांगराच्या साखळीच्या खोलीतल्या चिखलातही जीव बसून जातात. तिथे फिल्टर नाही. म्हणून आता बंदरात थांबलो की पाणबुड्याने काढलेले त्या जाळीचे फोटो मी आधी पाहतो, आणि साखळी वर येताना तिच्यावर धुण्याची धार पूर्ण दाबाने आहे की नाही ते पुढे उभं राहून बघतो.