सूनबाई आधी हसल्या

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याच्या मालकांनी पाहुण्यांना दाखवायला बारा-तेरा मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला होता. सबटायटल दुसरीकडून झाले होते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, एकाच पडद्यावर. काहीतरी खटकतंय म्हणून मला बोलावलं. काय खटकतंय ते त्यांना सांगता येईना. मी म्हटलं, घरच्यांना बसवा आणि लावा.

त्यांच्या आई बसल्या आणि सूनबाई बसल्या. सूनबाई कोचीच्या, मराठी अजून येत नाही. मी पडद्याकडे पाठ करून त्या दोघींकडे बघत बसलो. चौथ्या मिनिटाला एक म्हातारे विणकर बोलतात आणि तिथे सूनबाई खुदकन हसल्या. विणकरांचं वाक्य निम्म्यातच होतं. आजींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि दोनेक सेकंदांनी त्याही हसल्या. मालक म्हणाले, "हेच बघा! पाहुण्यांसमोर असंच होणार, अर्धे आधी हसणार आणि बाकीचे त्यांच्याकडे बघणार."

विणकरांचं वाक्य असं होतं: "पावसानं भिजलेलं, रंग गेलेलं, बायकोनं फेकून द्या म्हटलेलं सूत वाळवून मी चादर विणली, अन् ती दिली सासऱ्याला!" आपल्या बोलण्यात मुद्दा शेवटी येतो. आधीच्या माणसानं इंग्रजी वाक्य स्वतंत्रपणे, अगदी सुबक लिहिलं होतं आणि मग त्याचे तुकडे मराठी तुकड्यांखाली बसवले होते. इंग्रजी वाक्य सासऱ्यापासूनच सुरू होत होतं. वर मराठीत पाऊस चालू, खाली गंमत फुटलेली. एकेकटं वाचलं तर दोन्हींत चूक नाही, म्हणून नुसती फाइल तपासून हे सापडत नाही.

मी वाक्य पुन्हा तोडलं. मराठी शब्द विणकरांचेच ठेवले, कारण कानाला एक ऐकू येतं आणि डोळ्याला दुसरं दिसतं, तेव्हा मराठी माणूस अडखळतो. वाकवायचं ते इंग्रजीला, तेही मराठीच्या क्रमानं:

```
41
00:04:12,200 --> 00:04:14,800
पावसानं भिजलेलं, रंग गेलेलं,
Rain-soaked yarn, the dye all gone.

42
00:04:14,900 --> 00:04:17,300
बायकोनं ‘फेकून द्या’ म्हटलेलं सूत
“Throw it out,” my wife said.

43
00:04:17,400 --> 00:04:19,600
वाळवून मी चादर विणली,
I dried it, wove a chaddar,

44
00:04:19,800 --> 00:04:22,000
अन् ती दिली सासऱ्याला!
and gave it to her father!
```

इंग्रजी थोडी तुटक झाली, चालतं. सासरे दोन्ही ओळींत एकदमच येतात, हे महत्त्वाचं. चव्वेचाळिसावा तुकडा विणकरांनी तोंड उघडल्यावरच सुरू होतो, त्याआधी क्षणभरही नाही. प्रत्येक भाषेला एकच ओळ हा नियमही पाळला. एका भाषेच्या दोन ओळी झाल्या की पडद्यावर तीन-चार ओळींचा ढीग होतो आणि आपली ओळ शोधण्यातच वेळ जातो.

दुसरी गोष्ट मराठी ओळींत दिसली. बेचाळिसाव्या तुकड्यातून ‘बायकोनं’ गायब होतं. का, ते सॉफ्टवेअर उघडल्यावर कळलं. ते सेकंदाला किती अक्षरं वाचावी लागतात ते मोजतं आणि हद्द ओलांडली की आकडा लाल करतं. इंग्रजीसाठी सेकंदाला सतराच्या आसपास ही हद्द रूढ आहे. देवनागरीत मात्र ते मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘म्हटलेलं’ आपण चार अक्षरांत वाचतो, यंत्राच्या हिशेबी ती आठ. लाल दिसलं की आधीचा माणूस शब्द काढत गेला असणार. मी मराठीपुरता तो आकडा सोडून देतो आणि ओळ मनात सावकाश वाचून वेळेत बसते का ते बघतो. इंग्रजीला मात्र सतरापर्यंत नेत नाही, बारा-तेरावर थांबतो, कारण दोन ओळींत नजर चुकीच्या ओळीवर जाऊन परत येते, त्यात थोडा वेळ मोडतोच.

मांडणीचं काम त्यामानानं सरळ. मराठी वर पांढरी, इंग्रजी खाली फिकट पिवळी आणि थोडी लहान. दोघींच्या जागा ठरलेल्या, कुठेही हलत नाहीत. मधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवलं, नाहीतर ‘सूत’मधला ऊकार खालच्या इंग्रजी अक्षरांना टेकतो. चादरीच्या नक्षीवर पांढरी अक्षरं हरवत होती, म्हणून मागे काळी पट्टी दिली. मालकांना ती आवडली नाही. "नक्षी झाकली हो!" पट्टी अर्धपारदर्शक केल्यावर तयार झाले.

एक जागा मात्र तशीच राहिली. पुढे दोन कामगार मागाच्या खटखटाटात एकमेकांवर ओरडून बोलतात, पाच-सहा वाक्यं तीन सेकंदांत. तिथे मराठी पूर्ण दिलं आणि इंग्रजीत फक्त एक ओळ, की धागा तुटला म्हणून माग थांबवायला सांगताहेत. मालकांनी विचारलं, बाकीचं? बाकीच्या शिव्या होत्या. आजींनी त्या वाचल्या, आणि मग मराठीतूनही काढायला लावल्या.