आजारपणाचा दाखला कुठून आणू?

आपल्याकडे आजारपणाचा दाखला मिळवण्यासाठी आजारी असावंच लागतं असं नाही. इथे ब्रिटनमध्ये मी खरोखर आजारी होते, तरी दाखला मिळेना.

ड्रायव्हिंग टेस्टच्या आदल्या रात्री उलट्या सुरू झाल्या. बादली सोडून उठता येत नव्हतं, गाडी कुठली चालवणार? सकाळी वेबसाइटवरून टेस्ट रद्द केली. एप्रिल 2025 पासून इथे तारीख बदलायची तर पूर्ण दहा कामाचे दिवस आधी कळवावं लागतं (शनिवार धरतात, रविवार नाही), नाहीतर 62 पौंड गेले. आजारपण अपवादात बसतं, पण पुरावा हवा.

म्हणून दवाखान्यात फोन केला. रिसेप्शनवरची बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सात दिवसांपर्यंतच्या आजाराला आम्ही चिठ्ठी देत नाही. तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं." मी आजारी होते, असं मीच लिहायचं! नोकरीच्या ठिकाणी ते चालतं, म्हणजे माणसाच्या शब्दावर विश्वास, हे मला मनापासून आवडतं. पण टेस्टवाल्यांना ते पुरेल का, यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. खासगी पत्र हवं तर पैसे वेगळे. आमच्या कोथरूडच्या डॉक्टरकाकांनी नाडी बघता बघता लेटरहेड काढलं असतं.

शेवटी रात्री 111 या सरकारी आरोग्य हेल्पलाइनवर फोन केला होता, त्याची नोंद सापडली. ती जोडून ईमेल केला: नाव, लायसन्स नंबर, बुकिंगचा संदर्भ क्रमांक, टेस्टची तारीख आणि काय झालं ते चार ओळींत. शेवटी "कृपया नवी तारीख द्यावी" असं अर्जाच्या थाटात लिहिलं. सभ्य उत्तर आलं, पैसेही परत मिळाले. तारीख मात्र ते देत नाहीत, ती आपणच शोधायची.

आणि ती शोधणं म्हणजे तत्काळ तिकीट. दर सोमवारी सकाळी सहाला नव्या तारखा उघडतात, त्याही 24 आठवड्यांपुढच्या. मधली एखादी हवी तर कुणीतरी रद्द करायची वाट बघत बसा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालवता येतं, आणि थिअरीचा निकाल दोन वर्षांनी बाद होतो. माझे बारा महिने संपत आलेत. आरटीओबाहेरच्या एजंटाला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण तो तारीख तरी सांगायचा.

आमचे इन्स्ट्रक्टर, लुधियानाचे सरदारजी, म्हणाले, "बेटा, दूरचं सेंटर घे." घेतलं. तिथल्या राउंडअबाउटला पाच फाटे आहेत, म्हणून आता शनिवारी सरावाला तिकडेच जायचं, दोन तासांचे पैसे मोजून.