कादंबरीची प्रगती, तिसरा खर्डा: तांबटाच्या उपकथानकाला जागा द्यावी का?

मागच्या नोंदीत मी दुसरा खर्डा पूर्ण झाल्याचे लिहिले होते. तेव्हा कादंबरी सुमारे ९६,००० शब्दांची होती आणि त्यांतील २२,००० शब्द उपकथानकाचे होते. आमच्या वाचनगटातील तिघांनी खर्डा वाचला. तिघांनीही निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली: उपकथानकाची, नाशिकच्या भांडी बाजारात घडणारी प्रकरणे चांगली लिहिली आहेत, पण ती सुरू झाली की पुढे काय होणार हे आधीच कळते. एका मैत्रिणीने तर सहाव्या प्रकरणानंतर ती चाळून पुढे गेल्याचे प्रांजळपणे मान्य केले. गेले दोन महिने मी याच एका दोषावर काम करत आहे.

नव्या वाचकांसाठी कथानक थोडक्यात सांगते. निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदार दत्तू याने बागेवर काढलेले कर्ज पत्नी मंदापासून लपवले आहे. नाशिकच्या जुन्या भागात राहणाऱ्या वसंता तांबटाने वडिलोपार्जित हत्यारे विकली आहेत आणि ती गोष्ट तो मुलापासून, अजयपासून, लपवून आहे. दोघेही घराण्याची अब्रू राखण्यासाठी खोटे बोलतात. दुसऱ्या खर्ड्यात दोघांचेही बिंग लागोपाठच्या दोन प्रकरणांत फुटत होते आणि दोघांनाही घरच्यांकडून सारखीच क्षमा मिळत होती. हे साम्य साधल्याचा मला त्या वेळी फार आनंद झाला होता. आज वाटते की तो आनंद आराखडा मांडणाऱ्याचा होता, कारण वाचकाच्या हाती त्यातून नवे काहीच येत नव्हते.

प्रत्येक प्रसंगाचे एक कार्ड करून मी ती सर्व कार्डे जमिनीवर मांडली. एकूण ६४ प्रसंग निघाले आणि त्यांपैकी १५ वसंताचे होते. वसंताच्या प्रत्येक कार्डाच्या मागे मी एकाच प्रश्नाचे उत्तर लिहिले: हा प्रसंग काढला तर दत्तूचा कोणता निर्णय बदलेल, किंवा त्या निर्णयाकडे पाहण्याची वाचकाची नजर कोठे बदलेल? नऊ कार्डांमागे मला ‘दोघांची स्थिती सारखी असल्याचे कळते’ यापलीकडे काही लिहिता आले नाही. दोन कार्डांवरची वाक्ये तर अशी होती की नावे आणि जागा बदलली असती तर ती दत्तूच्या प्रकरणात जशीच्या तशी बसली असती. उपकथानक नुसती री ओढत आहे हे ओळखण्याची याहून स्पष्ट खूण मला अजून सापडलेली नाही.

या टप्प्यावर मी ‘किंग लिअर’कडे परत गेले, कारण समांतर उपकथानकाचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही. लिअर मुलींना ओळखण्यात चुकतो आणि ग्लॉस्टर मुलांना ओळखण्यात. एकाची बुद्धी जाते आणि दुसऱ्याचे डोळे जातात. परंतु या खेपेला माझे लक्ष साम्याऐवजी गुंतवणुकीकडे गेले. ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात ते त्याने लिअरला मदत केली म्हणून. ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड लिअरच्या दोन मुलींमध्ये वैर लावतो आणि कॉर्डेलियाच्या मृत्यूचा हुकूमही त्याचाच असतो. ग्लॉस्टरची कथा वगळली तर लिअरच्या कथेचा शेवट घडण्याचे कारणच उरत नाही. याउलट आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी लिअरपासून प्रेरणा घेऊन ‘नटसम्राट’ लिहिले तेव्हा ग्लॉस्टरचे उपकथानक घेतले नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेले ते नाटक त्याच्याविना भक्कम उभे आहे, कारण तेथे सर्व भार एका माणसाच्या वाणीवर आहे. म्हणजे दुसरा आरसा अपरिहार्य नसतो. तो ठेवायचा असेल तर त्याने मुख्य कथेचे काही काम अंगावर घेतले पाहिजे.

माझ्या कादंबरीत ते काम कोणते असावे, हे शोधण्यात तीन आठवडे गेले. दत्तूची गोष्ट वाचताना वाचकाच्या मनात एक सोपे उत्तर सतत उभे असते: त्याने बायकोला एकदाचे सांगून टाकावे, म्हणजे सर्व ठीक होईल. ते उत्तर जोपर्यंत खरे वाटते तोपर्यंत दत्तूचे न सांगणे हा केवळ हट्ट वाटतो. वसंताच्या कथेने हे सोपे उत्तर रद्द करायला हवे होते. म्हणून आता वसंता बिंग फुटण्याआधी स्वतःहून सांगतो, आणि तरीही मुलगा त्याला सोडून जातो. साम्य शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन तेथे मोडल्यावर दोन्ही कथांना एकमेकींची गरज निर्माण झाली.

त्यासाठी घटनांचा काळ बदलावा लागला. दुसऱ्या खर्ड्यात मी गोदावरीचा पूर आणि बागेवरची गारपीट ओढूनताणून जवळ आणली होती. प्रत्यक्षात पूर ऑगस्टच्या आसपास येतो आणि गारपिटीचे भय फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल वेलीवर असताना असते. हा सहा-सात महिन्यांचा फरक मला अडचण वाटत होता, पण तोच कामी आला. दोन समांतर कथा एकाच आठवड्यात कळसाला पोचल्या की दुसरी पहिलीचा प्रतिध्वनी होते. एक आधी संपली की दुसरीतील माणसे तिचे ओझे घेऊन वावरू शकतात.

आता पुराचा प्रसंग असा आहे. आईचे घंगाळ दुरुस्तीला दिलेले असते ते न्यायला दत्तू भांडी बाजारात येतो. गोदावरीचे पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत चढल्याची बातमी येते आणि सगळा बाजार माल वरच्या मजल्यांवर हलवू लागतो. हत्यारे उचलायला अजय खाली येणार, हे ओळखून वसंता जिन्यातच त्याला सांगतो की उचलायला काही उरलेले नाही. अजय म्हणतो, ‘मला होळीपासून माहीत आहे.’

त्याला कसे कळले, हा या कादंबरीतील माझा सर्वांत जिवाचा तपशील आहे. हत्यारे विकल्यावरही वसंता उरलेल्या एका हातोडीने रोज सकाळी लोखंडी खुंटावर ठोके देत बसत असे, म्हणजे वर घरात काम चालू असल्याचे ऐकू जावे. पण तांबे ठोकून ठोकून कडक होते, आणि ते पुन्हा नरम करण्यासाठी भट्टीत तापवावे लागते. त्यामुळे खऱ्या मठारकामात ठोके अधूनमधून थांबतात, आणि भांड्याला आकार येत जातो तसा नादही बदलतो. वसंताचे ठोके थांबत नव्हते, त्यांचा नाद बदलत नव्हता आणि भट्टीचा धूर वर येत नव्हता. तांबटाच्या घरात वाढलेल्या मुलाला हे पहिल्याच आठवड्यात समजले होते. त्याला राग येतो तो हत्यारांच्या विक्रीचा नाही. आपण सहा महिने ते ठोके ऐकत राहिलो आणि बाप ते आपल्यासाठी वाजवत राहिला, हे त्याला सहन होत नाही.

याच प्रसंगाचे प्रतिबिंब दत्तूच्या कथेत पहिल्या खर्ड्यापासून होते. औषधाच्या दुकानदाराने उधारी बंद केल्यावर दत्तू फवारणी यंत्रात नुसते पाणी भरून बागेत ट्रॅक्टर फिरवतो, म्हणजे मंदाला फवारणी चालू आहे असे वाटावे. दोन्ही प्रसंग एकाच युक्तीवर उभे होते आणि त्यांपैकी एक काढावा असे माझे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात पिंपळगाव बसवंतकडच्या एका बागाईतदार वाचकाने माझी मोठी चूक दाखवली. मी ही बोर्डो मिश्रणाची फवारणी जानेवारीत दाखवली होती. मणी पक्व होत असताना बोर्डो मारले तर घडांवर डाग पडतात, त्यामुळे त्या वेळी ते कोणी मारत नाही. पावसाळ्यात पाने डावणी या बुरशीच्या रोगापासून राखण्यासाठी, ऑक्टोबर छाटणीच्या आधी, त्याचा उपयोग होतो. त्यांच्या सांगण्यावरून मी प्रसंग सप्टेंबरात नेला आणि तो आपोआप पुरानंतर येऊन बसला.

या बदलामुळे त्या प्रसंगाचे स्वरूपच पालटले. दत्तूने जिन्यातले बोलणे ऐकलेले आहे. ज्याच्यासाठी सोंग करावे त्याला सोंग ऐकू येते, हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही तो यंत्रात पाणी भरतो. बोर्डोच्या एक टक्का मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. फवारणाऱ्याच्या कपड्यांवर त्याचे निळसर पांढरे डाग पडतात. संध्याकाळी मंदा त्याचा सदरा धुवायला घेते. त्यावर एकही डाग नाही. ती तो सदरा एकदा उलटा करून पाहते, मग साबण लावते आणि काही बोलत नाही. पूर्वी या जागी मी मंदाच्या संशयाचा दीड पानांचा परिच्छेद लिहिला होता. अजयचे वाक्य वाचकाच्या कानात असल्याने आता तीन ओळी पुरतात. मोरचूद हेही तांब्याचेच क्षार आहे, ही गोष्ट मी कोठेही उघड सांगितलेली नाही; कोणाच्या ध्यानात आली तर उत्तम.

कार्डांच्या परीक्षेची मर्यादाही मला याच काळात कळली. ती काटेकोरपणे लावली तेव्हा वसंताचे पाचच प्रसंग उरले आणि ते पाचही दत्तूच्या उपयोगाचे होते. तो खर्डा वाचताना वसंता माणूस न वाटता दत्तूसाठी पाठवलेला निरोप्या वाटू लागला. म्हणून काढलेल्यांपैकी एक प्रसंग मी परत आणला: वसंता शेजारच्या लहान मुलीला काळे पडलेले तांबे चिंचेने घासून दाखवतो आणि तिच्या हातातल्या वाटीवर गुलाबी रंग उमटतो. कथेच्या पुढे जाण्याशी याचा काही संबंध नाही. परंतु हा माणूस दत्तूला ओळखत नसता तरी जगला असता, एवढे त्यातून पटते, आणि ते पटल्याखेरीज अजयच्या जाण्याचे दुःख वाचकाला होणार नाही. दुसरा असा प्रसंग घालण्याचा मोह मी टाळला आहे.

आजची स्थिती अशी आहे की कादंबरी ८४,००० शब्दांवर आली असून उपकथानक सुमारे १०,००० शब्दांचे झाले आहे. वसंताच्या लग्नाचे संपूर्ण प्रकरण गेले. ते मला प्रिय होते आणि मी ते वेगळ्या वहीत जपून ठेवले आहे.

एक प्रश्न अद्याप सुटलेला नाही. मार्चमधील गारपिटीनंतर दत्तू मंदाला सर्व सांगतो. त्यानंतरच्या प्रकरणात तो घंगाळ घेऊन पुन्हा भांडी बाजारात जातो, कारण पुराच्या गडबडीत ते बिनदुरुस्तच परत आले होते. वसंताच्या दुकानासमोर पोचल्यावर त्याला आतून ठोके ऐकू यावेत की नाहीत, हे मला ठरवायचे आहे. आले तर ते मध्येच थांबायला हवेत. दोन्ही प्रकारे लिहून पाहिले आहे. पुढच्या रविवारी गटात दोन्ही पाठ वाचणार आहे. वसंताची प्रकरणे चाळून पुढे गेलेली मैत्रीण त्या दिवशी यावी, अशी माझी विशेष इच्छा आहे.