तुम्ही विचारलंत म्हणून: केबलच का?

"मीटिंगमधून फोनची स्क्रीन शेअर होते की. मग दर वेळी ती केबल आणि ते scrcpy कशाला?"

scrcpy हा लॅपटॉपवरचा प्रोग्राम, केबलने जोडलेल्या फोनची स्क्रीन तो लॅपटॉपवर दाखवतो. तोच का, तर मीटिंगमधलं चित्र इंटरनेटवरून फिरून येतं, आणि मुलुंडच्या ज्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांचा मोबाइल वर्ग भरतो तिथे तळमजल्यावर नेटवर्क धड लागत नाही. बोट टेकवल्यावर पडद्यावर दोन सेकंदांनी काही हललं, तर शिकणाऱ्याला नेमकं कशाने काय झालं ते कळत नाही. केबलवर हा उशीर जाणवतही नाही, आणि लॅपटॉपवरून फोन चालवताही येतो. फोनमध्ये कुठलंही अॅप टाकावं लागत नाही.

"पण परवा तुमचंच अडलं होतं ना?" हो, अडलं होतं. माझा नेहमीचा फोन नव्हता, वर्गातल्याच एका काकूंचा, त्यांच्या परवानगीने घेतलेला फोन होता. लोकलचं वेळापत्रक दाखवायचं होतं. 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर पर्याय उघडले, लॅपटॉपला फोनशी बोलता यावं म्हणून यूएसबी डीबगिंग चालू केलं. ते बोलणं adb हा प्रोग्राम करतो. जोडलेले फोन बघायला टर्मिनलमध्ये `adb devices` दिलं तर यादी रिकामी. ती केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यातून डेटा जात नव्हता. केबल बदलली, तर नावापुढे `unauthorized` आलं. म्हणजे फोनवर परवानगीचा चौकोन उघडून वाट बघत होता, आणि फोन लॉक असल्याने तो कुणाला दिसला नव्हता. परवानगी दिल्यावर `device` आलं आणि पडद्यावर चित्रही आलं. माउस मात्र मेलेला. क्लिक करा, ओढा, काही नाही. सगळे बघत होते, आणि मी पुन्हा पुन्हा केबल काढून लावत होतो.

केबलचा दोष असता तर चित्रच आलं नसतं, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. टर्मिनलमध्ये कारण लिहून आलं होतं: `INJECT_EVENTS`. scrcpy फोनवर एक छोटी फाइल पाठवतं आणि ती adb च्या हक्कांनी चालते. स्क्रीन बघणं हा एक हक्क, बाहेरून टॅप घालणं हा दुसरा. काही कंपन्यांनी दुसऱ्या हक्कासाठी वेगळं बटण ठेवलंय: त्याच डेव्हलपर पर्यायांत थोडं खाली, 'यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)'. ते चालू करून फोन रीस्टार्ट करावा लागतो. रीस्टार्ट विसरलात तर बटण चालू दिसतं आणि माउस तरीही चालत नाही. काही मॉडेल्स हे बटण लावताना कंपनीच्या खात्यात लॉगिन करायला लावतात. दुसऱ्याच्या फोनवर तो खटाटोप नको असेल, तर scrcpy च्या 2.4 आवृत्तीपासून आणखी एक वाट आहे:

```
scrcpy --mouse=uhid --keyboard=uhid
```

यात फोनला वाटतं की खराखुरा माउस आणि कीबोर्ड जोडलाय, त्यामुळे त्या हक्काची गरज उरत नाही. मात्र लॅपटॉपचा बाण scrcpy च्या खिडकीत अडकतो. तो सोडवायला डावं Alt दाबायचं. काही जुन्या फोनवर हे चालत नाही.

आता माझ्याच जुन्या सल्ल्याबद्दल. "`-S` लावा, फोनची स्क्रीन बंद राहील, सगळं माउसने करा," असं मी कित्येकांना सांगितलंय. आज वर्गासाठी तसं सांगणार नाही. माउसचा बाण बघून लोकांना ते कॉम्प्युटरचं काम वाटतं, आणि समोरच्याला शिकायचं असतं ते बोटाने करायचं काम. म्हणून हे:

```
scrcpy -t -w -m 1280 --no-audio
```

`-t` मुळे बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका दिसतो. हा ठिपका फक्त फोनवरच्या खऱ्या बोटाचा, माउसच्या क्लिकचा येत नाही. `-w` फोनला मध्येच झोपू देत नाही. `-m 1280` चित्राची लांब बाजू तेवढीच ठेवतं, म्हणून जुना लॅपटॉपही दमत नाही. आवाजाची गरज नसेल तर तो बंदच बरा. माउस मी आता फक्त मागच्या रांगेशी बोलत फिरताना वापरतो, कारण उजवं क्लिक म्हणजे 'मागे' हे तेव्हा सोयीचं पडतं.

आणि मराठी टाइप करायचं असेल, तर लॅपटॉपवरून थेट अक्षरं जात नाहीत, साधी इंग्रजीच जातात. 'मुलुंड' लॅपटॉपवर लिहून कॉपी करायचं आणि खिडकीत Ctrl+v दाबायचं.

पेमेंट अॅप दाखवा म्हणता, ते मात्र जमत नाही. पिन टाकायची पानं अॅपनेच संरक्षित केलेली असतात, तिथे पडद्यावर काळं दिसतं. ते मोडायचा उपाय मी शोधत नाही, शोधूही नये. काही बँकांची अॅप्स तर डेव्हलपर पर्याय चालू दिसले की उघडतच नाहीत. म्हणून वर्ग संपला की डीबगिंग बंद करायचं, 'यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन रद्द करा' हेही दाबायचं आणि शेवटी डेव्हलपर पर्यायही बंद करायचे. परवा काकूंना फोन परत देताना हे केलं होतं की नाही, ते मला आठवत नाही. पुढच्या मंगळवारी पहिल्यांदा तेच बघणार आहे.