एक साथ नमस्ते

सुट्टीला नाशिकला आलेय पण सुट्टी अर्धीच, म्हणजे दुपारी दीडला म्युनिकमध्ये सकाळचे दहा वाजतात आणि मी गंगापूर रोडवरच्या घरात डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसते. परवा मीटिंग चालू असताना आई ताकाचा पेला ठेवायला आली आणि कॅमेऱ्यात दिसली. आमचा टेस्टिंगवाला, पन्नाशीचा, एकदम सरळ बसला, दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाला, "नमस्तेऽऽ".

आई म्हणाली, "नमस्कार नमस्कार". नंतर मला, "नमस्ते काय गं शिकवलंस त्याला? आपण कधी म्हणतो?"

खरंय की. घरी नमस्कार, मामाच्या गावाला राम राम, वारीवाल्या काकांना रामकृष्णहरी. नमस्ते फक्त शाळेत. बाई वर्गात आल्या की मॉनिटर ओरडायचा "एऽऽक साथ" आणि आम्ही साठ पोरं बाकं सरकवत "नमऽऽस्ते" असं काही लांबवायचो की शेवटचा ते येईपर्यंत बाईंची अर्धी हजेरी घेऊन व्हायची.

पण मी त्याला काही शिकवलेलं नव्हतं, तो योगाच्या क्लासात शिकून आलेला. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला की ह्याचा अर्थ माझ्यातला देव तुझ्यातल्या देवाला वंदन करतो, बरोबर ना? आता काय सांगणार. कॉफी मशीनपाशी उभं राहून सकाळी साडेआठला एवढं वंदन मला झेपत नाही. पण माणूस इतक्या मनापासून बोलत होता की तोडून टाकवेना. म्हटलं, तो अर्थ छान आहे पण नंतरचा आहे, शब्दात एवढं काही नाही. नमः म्हणजे वाकणं आणि ते म्हणजे तुला. तुझ्यापुढे वाकतो, बास. श्रीगणेशाय नमः मधलंच नमः, पुढे त आला की विसर्गाचा स होतो. आपलं नम्र त्यातलंच आणि भांडणात नमतं घेणं पण त्यातलंच, हे मात्र त्याला सांगितलं नाही, ऑफिसात उपयोग झाला असता त्याला.

मला हा शब्द खरा ऐकू आलाय तो कपालेश्वराच्या पायऱ्यांवर. आजोबा सोमवारी घेऊन जायचे. रामकुंडाच्या वर ते देऊळ, समोर नंदी नाही म्हणून मी दर वेळी विचारायची नंदी कुठे गेला आणि ते दर वेळी गप्प बस म्हणायचे. आत रुद्र चालू असायचा, "नमस्ते रुद्र मन्यव". तिथे ते म्हणजे तुझ्या, आणि मन्यू म्हणजे राग. रुद्रा, तुझ्या रागाला नमस्कार. पुढे त्याच्या बाणाला, धनुष्याला, हातांना. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मला फार पटलं होतं, कारण घरात त्यांच्याच रागाला सगळे वाकून असायचे.

म्युनिकमध्ये मी रोज हाय किंवा हॅलोच म्हणते. हाय म्हणताना सुरुवातीला जरा कसंतरी व्हायचं, आपल्याकडे माणूस हाय खातो. पण खरा त्रास वेगळाच, हा गृहस्थ कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना "सर्वुस" म्हणायचा आणि माझ्यापाशी आला की थांबून हात जोडायचा. हातात लॅपटॉप, बगलेत बाटली, तरी. आदरच होता तो पण मी त्यामुळे सगळ्यांत वेगळी पडायची, देव्हाऱ्यात बसवल्यासारखी.

मग एकदा कँटीनमध्ये मीच विचारलं, तुमचं सर्वुस म्हणजे काय रे? तो म्हणाला काही नाही, असंच, येताना पण म्हणायचं, जाताना पण. मग त्यालाच आठवलं की मूळ लॅटिन, सर्वुस म्हणजे दास. तुझा सेवक हजर आहे असं काहीतरी. मी म्हटलं मग तू दिवसातून वीस वेळा लोकांचा दास होतोस, तेव्हा डोळे मिटतोस का? हसला. त्याला कळलं. म्हटलं आमचं पण तसंच, झिजून गुळगुळीत झालेला शब्द आहे, चालता चालता म्हण. आणि बरोबरीच्या माणसाला तर आम्ही हातही जोडत नाही, नुसतं काय रे, काय गं.

ते त्यानं वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून मला कॉरिडॉरमध्ये "काय गं" ऐकू येतं आणि खरं सांगते, बरं वाटतं.

आज आई परत ताक घेऊन आली. ह्यानं तिला ओळखलं, हात जोडणार तेवढ्यात थांबला, माझ्याकडे बघून डोळा मारला आणि आईला म्हणाला, "काय गं!"

आई पेला हातात धरून तशीच उभी. मी म्यूट केलं.

"नमस्तेच बरं होतं," आई म्हणाली.